मधलं घर आणि चार जोड्या : तीन बाय तीनचा जादूचा चौरस पाठांतराशिवाय कसा बांधायचा

१ ते ९ हे आकडे नऊ घरांत असे भरायचे की कुठल्याही बाजूने बेरीज सारखीच यावी. हे कोडं बहुतेकांनी कधी ना कधी सोडवलेलं असतं, आणि सोडवण्याची एक कृतीही अनेकांना पाठ असते: १ वरच्या ओळीच्या मधोमध लिही, तिथून उजवीकडे तिरकं वर चढत पुढचा आकडा लिही, चौरसाबाहेर गेलास तर समोरच्या बाजूने आत ये, आणि घर भरलेलं असेल तर एक घर खाली उतर. कृती अचूक आहे. मीही बरीच वर्षं तिच्यावरच भागवलं. मग एकदा कुणीतरी कागदावर १, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ११ असे नऊ आकडे लिहून दिले आणि यांचा चौरस कर म्हणाले. मी त्याच कृतीने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने भरले:

```
९    १    ७
४    ६    ८
५   ११    ३
```

वरच्या ओळीची बेरीज १७, मधलीची १८, खालचीची १९. चौरस बिघडला, आणि कुठे बिघडला हे मला सांगता येईना, कारण मुळात तो का जमतो हेच ठाऊक नव्हतं. या नऊ आकड्यांचा चौरस होतो. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात पाहू. त्यासाठी आधी १ ते ९ चा चौरस एकदा तर्काने बांधून घ्यायला हवा.

घरांची ओळख

नऊ घरं तीन प्रकारची असतात आणि प्रकारागणिक त्यांच्यावरचा भार वेगळा असतो. एकूण आठ रेषांची बेरीज जुळवायची असते: तीन आडव्या, तीन उभ्या आणि दोन कर्ण. यांतल्या चार रेषा मधल्या घरातून जातात. कोपऱ्याच्या घरातून तीन जातात: एक आडवी, एक उभी, एक कर्ण. उरलेल्या चार घरांना, म्हणजे प्रत्येक बाजूच्या मधोमध असलेल्या घरांना, मी ‘कडेची घरं’ म्हणेन. त्यांतून फक्त दोनच रेषा जातात, कारण कर्ण त्यांना शिवत नाही.

चार, तीन, दोन. पुढचा सगळा तर्क या तीन आकड्यांवर चालतो, तेव्हा ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

बेरीज किती, आणि मध्यात कोण

१ ते ९ ची एकूण बेरीज ४५. तीन आडव्या ओळी मिळून सगळी घरं एकेकदा व्यापतात, म्हणून तिन्ही ओळींची मिळून बेरीज ४५ आणि एकेकीची १५. इथवर सगळे पोचतात.

पुढची पायरी मात्र बरेच जण ‘मधला आकडा ५, म्हणून तो मध्यात’ एवढ्यावर उरकतात. तो तर्क नव्हे, तो अंदाज झाला, भले बरोबर निघाला तरी. खरं कारण असं. मधल्या घरातून जाणाऱ्या चारही रेषा घ्या: मधली आडवी, मधली उभी आणि दोन्ही कर्ण. प्रत्येकीची बेरीज १५, म्हणजे चौघींची ६०. आता या चार रेषांत कोणकोणती घरं आली ते मोजा. कडेची आणि कोपऱ्याची आठही घरं बरोबर एकेकदा आली. मधलं घर मात्र चारदा आलं. म्हणजे सगळ्या घरांची बेरीज एकदा धरली, तर मधलं घर त्याच्यावर आणखी तीनदा जास्त मोजलं गेलं. सगळ्या घरांची बेरीज ४५ आहे, हाती आले ६०. वरचे १५ हे मधल्या घराच्या तिप्पट, म्हणून मध्यात ५.

हा हिशोब करताना आपण दोन्ही कर्ण वापरले. कर्णांची अट नसती तर मध्यात ५ असण्याची काहीच सक्ती नव्हती. ही गोष्ट चूक शोधताना कामाला येते, त्यामुळे तिच्याकडे परत येऊ.

चार जोड्या

मध्यात ५ बसला की त्याच्यातून जाणाऱ्या प्रत्येक रेषेवर दोन घरं उरतात, ५ च्या दोन बाजूंना समोरासमोर. त्यांची बेरीज १० असली पाहिजे. ५ सोडून उरलेल्या आठ आकड्यांच्या अशा जोड्या एकाच तऱ्हेने पडतात: १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६.

इथे काम एकदम निम्म्यावर येतं. आता आठ आकडे बसवायचे नसून चार जोड्या बसवायच्या आहेत, कारण एकाची जागा ठरली की त्याचा जोडीदार समोरच्या घरात आपोआप जातो. कोपऱ्याच्या समोर कोपरा येतो आणि कडेसमोर कड, म्हणून एक जोडी एकतर दोन कोपरे घेते किंवा दोन कडा. चार जोड्यांपैकी दोन कोपऱ्यांवर जाणार, दोन कडांवर. प्रश्न एवढाच उरला की कोणत्या दोन.

१ कोपऱ्यात का बसत नाही

बसवून पाहू. १ वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, तर ९ खालच्या उजव्या कोपऱ्यात जातो. वरच्या ओळीत आता दोन घरं रिकामी आहेत आणि १४ हवेत. डाव्या उभ्या ओळीतही दोन घरं रिकामी आणि तिथेही १४ हवेत. हाताशी २, ३, ४, ६, ७, ८ आहेत. यांतले कोणते दोन मिळून १४ होतात? फक्त ६ आणि ८. मागणी दोन ठिकाणी आणि माल एकच. म्हणून १ कोपऱ्यात बसू शकत नाही. चौरस फिरवला तरी हेच लागू पडतं, त्यामुळे कोणताच कोपरा चालत नाही. १ कडेला, आणि त्याच्यासमोर ९ सुद्धा कडेला.

मघाच्या तीन आकड्यांशी याचा मेळ घाला. कोपऱ्यातून तीन रेषा जातात, म्हणून तिथे बसणाऱ्या आकड्याला तीन वेगवेगळ्या तिकड्या हव्यात, ज्यांची बेरीज १५ होते. १ ला दोनच मिळतात: १-५-९ आणि १-६-८. ३ लाही दोनच: ३-५-७ आणि ३-४-८. याउलट २ ला तीन आहेत: २-५-८, २-४-९ आणि २-६-७. ४ ला तीन: ४-५-६, ४-२-९ आणि ४-३-८. म्हणजे १-९ आणि ३-७ या जोड्या कडांवर आणि २-८, ४-६ या कोपऱ्यांवर. ५ ला चार तिकड्या आहेत, तो मध्यात. चार, तीन, दोन हा हिशोब चोख बसला.

भरणं

१ वरच्या कडेला लिहा. खालच्या कडेला ९. वरच्या ओळीत १ सोबत ६ आणि ८ च येऊ शकतात. यांतला कोणता डावीकडे ठेवायचा हे तुमच्यावर आहे. मी ८ डावीकडे ठेवतो. मग ८ समोर, खालच्या उजव्या कोपऱ्यात २, आणि ६ समोर, खालच्या डाव्या कोपऱ्यात ४. डाव्या उभ्या ओळीत ८ आणि ४ झाले १२, मध्ये ३. उजवीकडे ६ आणि २ झाले ८, मध्ये ७.

```
८   १   ६
३   ५   ७
४   ९   २
```

या सगळ्या प्रवासात मनाप्रमाणे निवड दोनदाच झाली: १ कोणत्या कडेला (चार पर्याय) आणि ८ त्याच्या डावीकडे की उजवीकडे (दोन पर्याय). बाकी सगळं सक्तीचं होतं. म्हणून एकूण आठच चौरस होतात, आणि ते आठही एकाच चौरसाची फिरवलेली किंवा आरशात पाहिलेली रूपं आहेत. दोघांची उत्तरं वेगळी दिसली तर वाद घालण्याआधी कागद फिरवून पाहावा.

कर्णच जुळत नाहीत तेव्हा

सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी असते:

```
१   ६   ८
५   ७   ३
९   २   ४
```

तिन्ही आडव्या ओळी १५, तिन्ही उभ्या ओळी १५. एवढं जुळल्यावर माणूस पेन खाली ठेवतो. पण एक कर्ण १, ७, ४ म्हणजे १२ आणि दुसरा ८, ७, ९ म्हणजे २४. अशा वेळी लोक कोपऱ्यांची अदलाबदल करत बसतात आणि जुळलेल्या ओळीही मोडतात. दोष मध्यात आहे. तिथे ७ बसला आहे.

दुरुस्ती सोपी आहे. ५ ज्या आडव्या ओळीत आहे ती मध्यावर आहे का पाहा, नसेल तर अख्खी ओळ उचलून मधल्या ओळीशी बदला. मग ५ ज्या उभ्या ओळीत आहे तीही तशीच मध्यात आणा. पूर्ण ओळीच हलवल्यामुळे जुळलेल्या बेरजा मोडत नाहीत. वरच्या चौरसात ५ मधल्या आडव्या ओळीत आहेच, फक्त पहिली आणि दुसरी उभी ओळ आपसांत बदलायची:

```
६   १   ८
७   ५   ३
२   ९   ४
```

हा मघाचाच चौरस आरशात पाहिलेला. १ ते ९ आकडे असतील, आडव्या-उभ्या ओळी जुळल्या असतील आणि मध्यात ५ असेल, तर कर्ण आपोआप जुळतात. इतर आकड्यांसाठी मात्र कर्ण वेगळे तपासून घ्यावेत.

कुठलेही नऊ आकडे दिले तर

आता सुरुवातीचे १, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ११. एकूण बेरीज ५४, म्हणून एका ओळीची १८, आणि मधल्या घराचा हिशोब तसाच्या तसा लागू होतो: मधलं घर नेहमी ओळीच्या बेरजेचा तिसरा हिस्सा असतं. इथे ६. ६ दिलेल्या आकड्यांत आहे, हे पहिलं बरं लक्षण. जोड्यांची बेरीज १२: १-११, ३-९, ४-८, ५-७. सगळ्या जोड्या पडल्या, हे दुसरं.

कोपरे आणि कडा ठरवण्यासाठी तिकड्या मोजत बसता येईल, पण त्यापेक्षा सोयीचा मार्ग आहे. आकडे विसरा आणि प्रत्येक जोडी मध्यापासून किती दूर आहे ते पाहा. १ आणि ११ हे ६ पासून ५ अंतरावर. ३ आणि ९ हे ३ अंतरावर. ४ आणि ८ हे २ वर, ५ आणि ७ हे १ वर. अंतरं ५, ३, २, १. ६ पेक्षा मोठा आकडा असेल तर अंतर अधिक धरायचं, लहान असेल तर उणे. अशा भाषेत प्रत्येक रेषेची बेरीज शून्य व्हायला हवी.

समजा वरच्या डाव्या कोपऱ्याचं अंतर ‘क’ आणि वरच्या उजव्याचं ‘ख’. वरची ओळ शून्य व्हायची तर मधल्या कडेचं अंतर −(क + ख) असलं पाहिजे. खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘ख’चा जोडीदार, म्हणजे −ख. डाव्या उभ्या ओळीत वर क आणि खाली −ख आहेत, तेव्हा मधल्या कडेचं अंतर ख − क. म्हणजे कोपऱ्यांवर जी दोन अंतरं गेली, त्यांची बेरीज एका कडेच्या जोडीला मिळते आणि त्यांची वजाबाकी दुसऱ्या कडेच्या जोडीला. सगळी गोम इथे आहे.

यातून निवड हातात येते. सर्वांत मोठं अंतर ही बेरीज आहे, ते कडेला. दुसऱ्या क्रमांकाचं अंतर हे कोपऱ्यांपैकी मोठं, ते कोपऱ्यात. सर्वांत मोठ्यातून ते वजा केलं की दुसरा कोपरा मिळतो. आपल्याकडे ५ कडेला, ३ कोपऱ्यात, ५ − ३ म्हणजे २ दुसऱ्या कोपऱ्यात. उरला १, आणि तो ३ − २ असायला हवा. आहे. म्हणजे ३-९ आणि ४-८ कोपऱ्यांवर, १-११ आणि ५-७ कडांवर.

वरच्या कडेला ११ लिहा. त्या ओळीत आणखी ७ हवेत आणि कोपऱ्यांच्या जोड्यांतून एकेक घ्यायचा आहे: ४ आणि ३. समोरचे जोडीदार भरले आणि कडा पुऱ्या केल्या की:

```
४   ११   ३
५    ६   ७
९    १   ८
```

आठही रेषा १८. माझी पाठ कृती इथे का फसली तेही आता दिसतं. १ ते ९ मध्ये अंतरं ४, ३, २, १ असतात. तिथे कोपऱ्यांवर ३ आणि १ जातात, कडांवर ४ आणि २. इथे कोपऱ्यांवर ३ आणि २ गेले. मधल्याच्या अगदी शेजारची जोडी १ ते ९ मध्ये कोपऱ्यात असते, इथे ती कडेला आली. कृतीला लहान-मोठा क्रम तेवढा कळतो. अंतरं तिच्या हिशोबातच नाहीत. ‘सम आकडे कोपऱ्यात, विषम कडेला’ हा नियमही पुष्कळ जण सांगतात. तो १ ते ९ पुरता खरा आहे. या चौरसाच्या कोपऱ्यांत ३ आणि ९ बसलेत, ते पाहा.

चौरस होणारच नाही, हे कधी कळतं

५, ६, ८, ९, १०, ११, १२, १४, १५ घ्या. एकूण ९०, ओळीला ३०, मध्यात १०, जोड्या २० च्या: ५-१५, ६-१४, ८-१२, ९-११. सगळं सुरळीत दिसतं, आणि म्हणूनच हा संच माणसाला तासभर झुलवू शकतो. अंतरं काढा: ५, ४, २, १. मोठं ५ कडेला, ४ कोपऱ्यात, ५ − ४ म्हणजे १ दुसऱ्या कोपऱ्यात. आता दुसऱ्या कडेला ४ − १ म्हणजे ३ अंतर हवं. आपल्याकडे उरलंय २. चौरस होत नाही. कितीही अदलाबदल केली तरी होणार नाही, कारण वाटेत आपण कुठेही मनाची निवड केली नव्हती.

त्याआधीच्या पायऱ्यांवरही संच बाद होऊ शकतो. एकूण बेरजेचा नववा हिस्सा दिलेल्या आकड्यांत नसेल तर मधल्या घराला उमेदवारच नाही. तो असून एखाद्या आकड्याला जोडीदार नसेल, तरीही तिथेच थांबावं.

अर्धवट भरलेला चौरस

कोड्यात कधी फक्त तीन घरं भरलेली असतात आणि बेरीजही सांगितलेली नसते:

```
 ?    ?   १३
 ?    ?   २५
 ?   ११    ?
```

इथे अंतरांची भाषा पुन्हा उपयोगी पडते. वरच्या डाव्या कोपऱ्याचं अंतर क. मग उजव्या कडेचं क − ख आणि खालच्या कडेचं क + ख. दोन्हींची बेरीज क ची दुप्पट. म्हणजे कोणताही कोपरा हा त्याला न चिकटलेल्या दोन कडांची सरासरी असतो. वरचा डावा कोपरा २५ आणि ११ ची सरासरी, म्हणजे १८.

आता मध्य. उजवी उभी ओळ आणि १८ पासून निघणारा कर्ण, दोन्ही खालच्या उजव्या घरात मिळतात. ते घर दोन्हींत सारखं आहे, म्हणून उरलेल्या भागांची बेरीजही सारखीच: १३ + २५ = १८ + मध्य. मध्य २०, ओळीची बेरीज ६०. यापुढे जोड्या ४० च्या: १३ समोर २७, १८ समोर २२, २५ समोर १५, ११ समोर २९.

```
१८   २९   १३
१५   २०   २५
२७   ११   २२
```

अंतरं ९, ७, ५, २. कोपऱ्यांवर ७ आणि २, कडांवर ९ आणि ५.